अर्धा

गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. ड्यूटी बदलताना पेशंटची ओव्हर देतो-घेतो त्याच खोलीत वॉर्डातल्या मुलींनी छोटासा कार्यक्रम केला. शाल, नारळ, पेढे, आणि भिंतीवर सिरिंजच्या कागदी वेष्टनांची त्यांनी रात्री बसून केलेली माळ. मग माझ्या हाताखाली शिकलेली एक पोरगी बोलायला उभी राहिली. बोलता बोलता तिने ती गोष्ट सांगितली. २००९ च्या डिसेंबरात, नाईटला असताना ताईंनी एका चार महिन्यांच्या बाळाच्या औषधातली दशांशाची चूक पकडली. पाच मिली जाणार होतं, तिथे ताईंनी अर्धा मिली दिलं. बाळ वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कोपऱ्यातल्या मावशींनी डोळे पुसले. मी हात जोडले आणि खाली बसले. गोष्ट खरी होती, त्या पोरीने एक अक्षरही वाढवून सांगितलं नव्हतं. त्यात फक्त एक वाक्य कमी होतं, आणि ते तिला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. रिक्षातून घरी येताना नारळ मांडीवर होता, शाल खांद्यावरून घसरत होती, आणि ते वाक्य घशाशी आलं होतं.

पाचचा तो आकडा माझ्याच अक्षरातला होता.

त्या काळी आमच्या वॉर्डात बत्तीस खाटा होत्या आणि नाईटला आम्ही दोघी. डॉक्टर केसपेपरवर ऑर्डर लिहायचे आणि आम्ही ती ट्रीटमेंट शीटवर उतरवायचो. शीटवर सात दिवसांचे रकाने असत. औषध दिलं की त्या वेळेच्या चौकोनात सही. सात दिवस भरले की नवीन शीट करायचं, आणि हे काम नेहमी नाईटच्या गळ्यात. दिवसा राऊंड, तपासण्या, नातेवाईक, यात बसून लिहायला कुणाला फुरसत नसते. रात्री दोन ते साडेतीनच्या मधे, लेकरं जरा निजली की आम्ही टेबलावर शीटचा गठ्ठा घ्यायचो. नाईट केलेल्या कुणालाही विचारा, ही वेळ कशी असते ते. झोप येत नाही, पण डोळे असून नसल्यासारखे होतात. अक्षर दिसतं, हात ते उतरवतो, मधलं माणूस कुठेतरी गेलेलं असतं. त्या रात्री मी चार शीट उतरवली. सातव्या खाटेवरच्या बाळाचं त्यातलं तिसरं.

त्या बाळाच्या हृदयात छिद्र होतं. डाव्या बाजूचं रक्त छिद्रातून उजवीकडे जाऊन फुप्फुसांत दाटायचं, आणि लेकरू अंगावर पीतानासुद्धा धावल्यासारखं धापायचं. दोन चोखे घेतले की थांबायचं, कपाळावर घाम यायचा, पुन्हा दोन चोखे. चार महिन्यांचं होऊन वजन जेमतेम पाच किलो. ऑपरेशन करायचं होतं, पण वजन वाढू दे असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. तोवर औषधांवर. अंगात साठणारं पाणी काढायला एक आणि हृदयाचं आकुंचन जोरकस व्हावं म्हणून डिजॉक्सिनचं सिरप. दोन महिने आई ते घरीच देत होती. या खेपेला न्यूमोनिया झाला म्हणून आठवड्याभरापूर्वी दाखल केलं होतं. आई दहिवडीच्या पुढच्या कुठल्याशा वाडीची. वय विशीच्या आत-बाहेर. रात्रभर खाटेच्या लोखंडी दांडीला पाठ टेकून बसायची, आणि मी कधीही गेले तरी जागी असायची.

डिजॉक्सिन हे औषध आम्हा नर्सेसना शिकतानाच धाक घालून शिकवतात. कामाचा डोस आणि विषाचा डोस यांत अंतर फार थोडं. म्हणून देण्याआधी छातीवर स्टेथो ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचं नाही. तान्ह्या बाळाचे शंभराच्या खाली आले तर डोस थांबवायचा आणि डॉक्टरांना कळवायचं. बाळाने उलटी केली तरी पुन्हा द्यायचं नाही, कारण किती बाहेर आलं आणि किती आत राहिलं हे कुणालाच कळत नाही. शिवाय उलटी हीच कधी कधी औषध जास्त झाल्याची पहिली खूण असते. आणि तिथेच खरी अडचण. मोठं माणूस निदान सांगतं, मळमळतंय, डोळ्यांपुढे पिवळं दिसतंय. बाळ काय सांगणार? दूध घेत नाही, ओकतं, मलूल पडतं. आजारी बाळं एरवीही हेच करतात. आमच्या हाती राहतात ते ठोके, आणि ठोके मंदावले की बराच वेळ आधीच गेलेला असतो. सोबत पाणी काढायचं औषध चालू असलं की लघवीवाटे पोटॅशियम जातं, आणि पोटॅशियम कमी असलेल्या हृदयाला डिजॉक्सिन आणखी बाधतं.

पावणेसहाला मी ट्रे घेऊन सातव्या खाटेशी गेले. खिडकीच्या फटीतून गार वारा येत होता, बाहेर दुधाची गाडी लागली होती, कॅनचा आवाज येत होता. स्टेथोची चकती तळहातावर चोळून गरम केली, बाळाच्या छातीवर ठेवली, घड्याळाकडे बघत मिनिटभर मोजलं. एकशे बत्तीस. अगदी छान. ही तपासणी मी आयुष्यभर केली आणि तिची मर्यादा मला त्या पहाटेनंतर कळली. ठोके सांगतात ते आधीच्या डोसाबद्दल. हातात जो डोस आहे त्याबद्दल त्यांना काही माहीत नसतं. एकशे बत्तीस मोजून मी निर्धास्त झाले. शीटवर बघितलं, पाच मिली. बाटलीचं झाकण उघडलं, आणि नेहमीच्या सवयीने ट्रेमधली दोन मिलीची सिरिंज उचलली, सुई काढलेली. तान्ह्या बाळांना आम्ही तोंडाने द्यायचं औषध तिनेच देत असू.

सिरिंजमध्ये पाच मिली मावेना.

तेवढंच झालं. मी थोर काही विचार केला नाही, हिशेब केला नाही. दोन मिलीच्या रेघेपर्यंत दट्ट्या ओढला आणि थांबले, की आता ही अडीच वेळा भरावी लागणार. ट्रेच्या कोपऱ्यात पाच मिलीची सिरिंज होतीच. एका क्षणी माझा हात तिच्याकडे गेलासुद्धा. खरं सांगायचं तर मोठी सिरिंज आधी हाताला लागली असती तर काय झालं असतं, हे मी आजही सांगू शकत नाही. पण त्या दोन क्षणांच्या अडखळण्यात हाताला आठवलं, की काल-परवा याच बाळाला देताना दट्ट्या जरासाच हलवला होता. आणि तेवढ्यात आई बोलली, अगदी हळू, सिस्टरला विचारावं की विचारू नये अशा आवाजात. "रोज तर एवढुसंच देताय की ओ. अर्धाच. आज एवढं?"

मी सिरिंज ट्रेत ठेवली. बाटलीच्या लेबलावर लिहिलेलं होतं, एका मिलीत पन्नास मायक्रोग्रॅम. मग तिथेच, बाळाच्या खाटेच्या कडेवर, शीटच्या पाठीवर मी गणित मांडलं. पाच किलोचं बाळ. किलोमागे दिवसाला दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे पन्नास. दोन वेळांत विभागून एका वेळेला पंचवीस. एका मिलीत पन्नास, तर पंचविसाला अर्धा मिली. आणि शीटवरच्या पाच मिलीत किती? अडीचशे मायक्रोग्रॅम. हा आकडा बघितला आणि मानेवरून काटा आला. अडीचशे मायक्रोग्रॅम म्हणजे ०.२५ मिलीग्रॅम, म्हणजे डिजॉक्सिनची एक अख्खी गोळी, जी आमच्याकडे मोठ्या माणसांना देतात. तीही कितीतरी आजोबांना आठवड्यातून पाचच दिवस, दोन दिवस सुट्टी ठेवून. साठ-पासष्ट किलोच्या माणसाची दिवसाची गोळी मी पाच किलोच्या जिवाला एका घोटात देणार होते, आणि शीटप्रमाणे संध्याकाळी सहाला पुन्हा. त्या एका घोटाने नेमकं काय झालं असतं, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. औषध पहिल्यांदा चालू करताना डॉक्टर यासारखीच मोठी मात्रा देतात, पण ती तुकडे करून, दिवसभरात, प्रत्येक तुकड्याआधी ठोके बघत. हे बाळ तर आधीच औषधावर होतं. दुसऱ्या-तिसऱ्या डोसापर्यंत ते टिकलं असतं असं मला वाटत नाही.

पुढची भीती वेगळीच होती. आधी कुणी दिलं असेल तर? मी बाटली उजेडात धरली. साठ मिलीची बाटली, लेबलावर उघडल्याची तारीख आणि सही होती, सोमवार संध्याकाळ. आता गुरुवारची पहाट. म्हणजे पाच डोस झाले. दर वेळी पाच मिली गेलं असतं तर पंचवीस मिली संपलं असतं, बाटली निम्म्याच्या आसपास आली असती. सिरप गळ्याशी होतं. जेमतेम दोन-अडीच मिली कमी. तेव्हा माझा श्वास सुटला. बाटलीवर उघडल्याची तारीख घालायची सवय आमच्या इनचार्ज बाईंनी लावली होती. औषध शिळं होऊ नये म्हणून आम्ही ती घालायचो, पण त्या पहाटे तिने साक्ष दिली.

मग मी जुनं शीट आणि केसपेपर काढले. डॉक्टरांच्या ऑर्डरीत होतं .५ मिली. पाचच्या आधी टिंब, टिंबाच्या आधी काही नाही. जुन्या शीटवरही तसंच. टिंब होतं, पण ते कागदाच्या छापील निळ्या रेघेवर बसलं होतं, निळ्याच बॉलपेनने. रेघेत विरघळून गेलेलं. बोटाने चाचपलं तर कागदाला किंचित खळगा लागत होता. बघणाऱ्याला दिसत नव्हतं. आणि नव्या शीटवर, दाट, ठसठशीत, माझ्या वळणदार अक्षरात, पाच. शाळेत मला या अक्षरासाठी बक्षीस मिळालं होतं. वॉर्डात सगळ्या म्हणायच्या, शीट ताईंनी उतरवलं असलं की वाचायला त्रास नाही. चूकसुद्धा इतकी सुवाच्य, की शंका घ्यायला जागाच नाही. डॉक्टरांच्या गिचमिडीसमोर कुणीतरी थबकलं असतं, माझ्या पाचासमोर कोण थबकणार?

मी निवासी डॉक्टरांना उठवलं. पायात एक चप्पल स्वतःची आणि एक दुसऱ्याची घालून ते आले. शीट बघितलं, ऑर्डर बघितली, आणि खुर्चीवर बसले. तेही चोविशीचे, तिसरी रात्र जागत होते. काही न बोलता त्यांनी नवी ऑर्डर लिहिली. टिंबाच्या आधी शून्य काढलं, पुढे मायक्रोग्रॅम अक्षरांत लिहिलं, आणि त्याखाली अर्धा मिली असं मराठीत. मी माझ्या शीटवरच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, सही केली, वेळ घातली. मग अर्धा मिली. बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूने, हळूहळू. त्याने जीभ बाहेर काढली, चव घेतली, आणि पुन्हा डोळे मिटले. आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "तुझं बरोबर होतं, अर्धाच." तिने मान हलवली, बस.

वडिलांचं दुकान होतं, गूळ-तेल-कडधान्यांचं. शाळेतून आले की मी गल्ल्याशेजारच्या पोत्यावर बसायचे. वडिलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं तोंडपाठ. गिऱ्हाइकाने सव्वातीन किलो मागितलं की ते तराजू उचलायच्या आधी पैसे सांगून मोकळे. त्यांच्या चोपडीत टिंब नव्हतंच. अर्ध्याला दोन उभे दंड, पाव म्हणजे एक दंड, पाऊण म्हणजे तीन. दीड लिहायचा तर १॥. मला ते जुनाट वाटायचं, शाळेत आम्ही दशांश शिकत होतो. बाबांना मी टिंब समजावून सांगितलं होतं, मोठ्या ऐटीत. ते म्हणाले होते, "माशी बसली तरी हिशेब बदलेल की गं." त्या पहाटे ड्यूटी संपवून बसस्टँडवर चहा घेताना मला हे आठवलं आणि कप हातात थरथरायला लागला. आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळे एकेक पुरते शब्द आहेत. अर्धा ऐकताना त्याचा पाच होत नाही. पॉइंट पाच मात्र फोनवर बोलताना, लेकरू शेजारी रडत असताना, पाच होतं, पॉइंट कुठल्या कुठे जातो. त्या वाडीच्या मुलीला टिंब माहीत नव्हतं, म्हणून तिच्यापाशी ते हरवण्याची सोय नव्हती. अर्थात वडिलांचे दोन दंड तरी किती भरवशाचे? एखादी नवी पोरगी ते अकरा वाचेल. प्रत्येक खुणेला तिची म्हणून एक खोट असते, आणि प्रत्येक खोटीपाशी कुणीतरी उभं राहावं लागतं.

सकाळी ओव्हर देताना मी सगळं सांगितलं, आणि इनचार्ज बाईंनी विचारलं, शीट कुणी उतरवलं? मी म्हणाले, मीच. खोलीत दोघीच होतो. बाई रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या बराच वेळ शीटकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "उतरवलेलं तूच तपासलंस ना?" मी हो म्हणाले. तपासलं होतं, खरंच, लिहून झाल्यावर एकदा नजर फिरवली होती. "म्हणूनच," त्या म्हणाल्या. "लिहिणाऱ्याला मनात असतं तेच कागदावर दिसतं." त्या दिवसापासून वॉर्डात दोन गोष्टी झाल्या. एकीने उतरवलेलं शीट दुसरीने डॉक्टरांच्या ऑर्डरशी लावून बघायचं, मोठ्याने वाचून, वजन विचारून. आणि टिंबाच्या आधी शून्य नसेल तर ऑर्डर घ्यायचीच नाही, डॉक्टर कितीही मोठे असोत. पूर्ण आकड्यापुढे मात्र टिंब-शून्य चालणार नाही, कारण पाच पॉइंट शून्यातलं टिंब गेलं की पन्नास होतात. पुढे कळलं, अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने हेच दोन नियम २००४ मध्येच, टाळायच्या खुणांच्या यादीत घातले होते. आमच्यापर्यंत ते पोचायला एक पहाट लागली.

बाईंनी वर काय कळवलं, मला माहीत नाही. इतकं खरं, की वॉर्डात गोष्ट फिरली ती अर्धीच. ताईंनी पकडलं. बाईंनी मला वाचवायला तसं केलं असेल, किंवा पकडलं हे सांगायला सोपं म्हणून आपोआप तसं झालं असेल. पहिल्या वर्षी मी दुरुस्त करायला हवं होतं. दुसऱ्या वर्षी जड वाटायला लागलं. मग नव्या मुली आल्या, त्यांना ती गोष्ट शिकवताना सांगितली जायला लागली, आणि मी ती ऐकत बसायला लागले. कौतुक गोड लागत होतं हेही लपवत नाही. पण दर वेळी आतून काहीतरी टोचायचं, आणि ते नुसतं लाजेचं नव्हतं. त्या मुली चुकीचं शिकत होत्या. चूक करणारी एक आणि पकडणारी दुसरी, निष्काळजी कुणी वेगळी आणि दक्ष कुणी वेगळी, असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना कधी सांगितलंच नाही, की अडीच वाजताची मी आणि पावणेसहाची मी एकच होते.

बाळ पुढे आठवड्याने घरी गेलं. जाताना मी दोन मिलीची एक सिरिंज घेतली, अर्ध्याच्या रेघेवर चिकटपट्टीची बारीक पट्टी गुंडाळली आणि आईला दिली. या पट्टीच्या वर नाही, कुणीही सांगितलं तरी नाही. तीन महिन्यांनी ती तपासणीला आली तेव्हा बाळाचं वजन वाढलं होतं आणि डॉक्टरांनी डोस बदलला. तिने पिशवीतून सिरिंज काढून माझ्यापुढे धरली. पट्टी सिरपने तपकिरी झाली होती, कडा सुटल्या होत्या, त्यावर तिने घरातला दोरा करकचून बांधला होता. "आता कुठवर बांधू?" तिने विचारलं. आम्ही दोघींनी मिळून दोरा सोडला आणि नव्या रेघेवर बांधला.

परवा रात्री मी त्या पोरीला फोन केला, निरोपाच्या दिवशी बोलली तिला. नाईटला होती. साडेतीनला जाग आली ती पुन्हा झोप लागेना. इतकी वर्षं त्या वेळी जागायची सवय, अंग सोडत नाही. म्हटलं, ती जागीच असेल. उचलल्या उचलल्या घाबरली, "ताई, काय झालं?" मी म्हणाले, काही नाही, तू त्या दिवशी जी गोष्ट सांगितलीस त्यातलं एक वाक्य राहिलंय. आणि सांगितलं. ती काहीच बोलली नाही. मागे कुणाचंतरी लेकरू कुरकुरत होतं, सलाईनच्या स्टँडचं चाक फरशीवर घरंगळलं. मग ती म्हणाली, "ताई, एक मिनिट थांबता? मी आत्ताच तीन शीट उतरवलीत." फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तिने दुसऱ्या सिस्टरला हाक मारली, केसपेपर घेऊन ये म्हणाली. मग कागद उलटल्याचा आवाज, आणि दोघींचे आवाज, एकीचा वाचण्याचा, दुसरीचा विचारण्याचा. वजन किती? मी अंधारात फोन कानाला लावून बसून राहिले.